लक्षात ठेवा म्हटलं, पण किती दिवस?

आमच्या शेजारच्या काकू सोसायटीचे हिशेब एका संकेतस्थळावर ठेवतात. रोज ‘मला लक्षात ठेवा’च्या चौकोनात टिचकी मारतात आणि रोज सकाळी पुन्हा पासवर्ड टाकतात. त्यांची समजूत अशी की आपलंच काहीतरी चुकतंय. ही समजूत मला संताप आणते, कारण दोष कुणाचा हे दोन मिनिटांत कळतं.

लॉगिन झालं की संकेतस्थळ ब्राउझरकडे एक छोटी खूणचिठ्ठी देतं, तीच कुकी. तिच्यावर मुदत लिहिली नसेल, तर सहसा ब्राउझर बंद होताच ती जाते. लिहिली असेल, तर त्या तारखेपर्यंत टिकायला हवी. त्या चौकोनाचं काम एवढंच, की चिठ्ठीवर मुदत लिहिली जावी.

लिहिली की नाही, ते बघता येतं. क्रोममध्ये लॉगिन केल्यावर F12 दाबा, Application उघडा, डावीकडे Cookies मध्ये त्या संकेतस्थळाचं नाव निवडा. तिथे Expires / Max-Age असा रकाना आहे. लॉगिनच्या कुकीसमोर नुसतं Session दिसलं, तर टिचकी मारूनही मुदत पडलेली नाही. म्हणजे खोट संकेतस्थळाची.

काकूंकडे मात्र पुढच्या महिन्याची तारीख होती. ब्राउझर बंद करून उघडला, तर कुकीच गायब. खाजगीपणासाठी कुणीतरी सेटिंग बदलून ठेवलं होतं: सगळ्या खिडक्या बंद झाल्या की साठवलेला डेटा पुसायचा. फायरफॉक्समध्येही असं सेटिंग आहे. ते सरसकट बंद करू नये, ते कामाचं आहे. त्याच पानावर अपवादांची यादी असते. काकूंनी त्यात फक्त सोसायटीचं संकेतस्थळ घातलं आणि दुसऱ्या दिवशी पासवर्ड विचारला गेला नाही.

तिसरी शक्यता सगळ्यात चीड आणणारी. कुकी जागेवर, तारीखही पुढची, तरी लॉगिन मागितलं जातं. मग सर्व्हरने आपल्याकडची नोंद टाकून दिलेली असण्याची शक्यता मोठी. पीएचपीत न वापरलेलं सेशन मूळ सेटिंगप्रमाणे १४४० सेकंदांनी, म्हणजे २४ मिनिटांनी, कचऱ्यात जमा व्हायला पात्र ठरतं. कुकीची मुदत महिन्याची केली आणि इकडे हात लावला नाही, की चिठ्ठी आहे पण वहीत नाव नाही. तिथे ग्राहकाने कितीही सेटिंग बदललं तरी फरक पडत नाही.

बँकेने काही मिनिटांत बाहेर काढलं तर ते योग्यच आहे, आणि सायबर कॅफेत तर चौकोनाला हातच लावू नये, कारण ती चिठ्ठी ज्याच्या हाती, त्याला पासवर्डशिवाय तुमचं खातं उघडं. पण बाकीच्यांनी चौकोनाशेजारी ‘३० दिवस’ की ‘७ दिवस’ एवढं स्पष्ट लिहावं, आणि तेवढे दिवस पाळावेत. पाळायचे नसतील तर चौकोन काढून टाका.