श्रेय जिभेचं, राबणूक नाकाची

सर्दी झालेला माणूस ताटापुढे बसून ‘तोंडाला चव नाही’ म्हणतो आणि सगळा ठपका जिभेवर ठेवतो. वास्तविक तिच्याकडे खातीच मोजकी: गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी अजिनोमोटोतली उमामी. पटत नसेल तर दोन वाट्या घ्याव्यात, एकीत वेलचीचं श्रीखंड, दुसरीत आम्रखंड. डोळे मिटून नाक चिमटीत धरावं आणि दुसऱ्याने चमचा भरवावा (असा कोणी घरात उरला असेल तर). जीभ सांगेल: गार, मऊ, आंबटगोड. आंबा की वेलची, यावर मात्र ती मौन पाळेल. आता घास तोंडात असतानाच नाक सोडून श्वास बाहेर टाकावा. आंबा हजर!

घास चावताना त्यातले गंधाचे रेणू सुटतात आणि उच्छ्वासाबरोबर पडजिभेच्या मागून नाकात चढतात. तिथे अगदी वरच्या बाजूला, छतापाशी, वास ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांच्यावर सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. हे ग्राहक शोधल्याबद्दल रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना 2004 चं नोबेल मिळालं. नाक दाबलं की हवा वाहायची थांबते. सर्दीत आतलं अस्तर सुजतं, शेंबूड साचतो आणि वरची वाटच बंद होते. कोणी म्हणेल, स्वाद तर तोंडात जाणवतो, नाकात नव्हे! खरं आहे, कारण घासाचा स्पर्श तोंडात होत असतो आणि मेंदू मागच्या दाराने आलेला वासही त्याच पत्त्यावर जमा करतो. राबायचं नाकाने, मिरवायचं जिभेने.

दुसरा आक्षेप मिसळवाल्यांचा: नाक चोंदलं तरी तर्री झणझणीत लागतेच की! लागणारच. तिखटपणा ही मुळी चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता आणि वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. मिरची चिरलेला हात डोळ्याला लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. डोळ्याला काही चव कळत नाही. ‘ऐंशी टक्के चव नाकाची’ असा आकडा मात्र छातीठोकपणे फेकू नये; आंबट आणि सुवास एका तराजूत घालणार कसे?

बिघाड कुठे आहे याचा ढोबळ अंदाज चिमूटभर मिठाने येतो. ते खारट आणि साखर गोड लागली, पण कोथिंबीर नुसता पाला वाटली, तर खोट नाकात. मीठही मातीसारखं लागलं आणि आठवडाभर तसंच राहिलं, तर डॉक्टर गाठावा. नुसती सर्दी असेल, तर पिठल्यावर लिंबू पिळावं, ठेचा वाढून घ्यावा आणि नाक मोकळं होईपर्यंत हापूसच्या पेटीला हात लावू नये. चोंदल्या नाकाने तो खाणं म्हणजे डझनाचा भाव मोजून साखरपाणी पिणं.