सोलकढीवरची घडी

प्रत्येक ऑफिसात एक काका असतात. काही ऑफिसांत ते बाई असतात, पण तेव्हाही काकाच असतात. त्यांच्या टेबलावर टाचण्यांची डबी असते, ड्रॉवरमध्ये भिंग असतं आणि कपाळावर 'हे बिल तुमचंच का?' हा प्रश्न कायमचा छापलेला असतो. आमचे काका अकाउंट्समध्ये बसतात. पंप विकायला गावोगाव फिरणारे आम्ही सगळे आपापली हॉटेलची आणि पेट्रोलची बिलं मोबाइलने टिपून अ‍ॅपवर चढवतो, आणि ती सगळी शेवटी काकांच्या डोळ्यांखालून जातात. पूर्वी कागद यायचा. तो पंच करून फाइलला लावला की विषय संपला, कारण एक कागद दोन फायलींत राहू शकत नाही. फोटो राहतो. कागदाला पुनर्जन्म मिळाल्यापासून काकांची झोप कमी झाली आहे.

अ‍ॅप बनवणाऱ्या पोराने सुरुवातीलाच छातीठोकपणे सांगितलं होतं, की एकच फाइल दोनदा चढवली तर यंत्र पकडणार. पकडतंही, पण फाइल तीच, अक्षरशः तीच असेल तरच. फोटोची एक कड कापली, उजेड वाढवला, किंवा नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून पुन्हा उतरवून घेतला, की यंत्राच्या लेखी ती नवी फाइल. "म्हणजे चोराने टोपी बदलली की तुमचा हवालदार त्याला नमस्कार करणार," काका म्हणाले.

पोरगं हट्टी होतं. पुढच्या महिन्यात त्याने नवी युक्ती आणली. फोटो आकसवून आडवे नऊ आणि उभे आठ, एवढ्याच ठिपक्यांचा करायचा, रंग काढून टाकायचा, आणि प्रत्येक ओळीत शेजारच्या ठिपक्यांची तुलना करायची: डावा उजळ की उजवा? अशी 64 उत्तरं मिळतात. दोन फोटोंची बहुतेक उत्तरं जुळली, तर चित्र एकच. यात उजेडाचा प्रश्न बराच सुटतो, कारण सगळंच सारखं उजळलं तरी शेजाऱ्याशी असलेलं नातं बदलत नाही. काकांनाही हे आवडलं. "भाडेकरूंसारखं आहे," ते म्हणाले, "भाव सगळीकडे वाढले तरी कुणाचं घर मोठं हे भांडण तेच राहतं."

पण कड जरा जास्त कापली की सगळे ठिपके सरकतात आणि 64 उत्तरांचा बट्ट्याबोळ होतो. उलट, नऊ बाय आठ ठिपक्यांत अक्षर काही उरत नाही. उरते ती काळ्या टेबलावरची एक पांढरी पट्टी. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात यंत्राने माझी पेट्रोलची चार वेगवेगळी बिलं 'एकच' ठरवली. पंप तोच, कागद तोच, बाइकची सीट तीच. मी आरोपी म्हणून काकांसमोर उभा राहिलो. त्यांनी चारही बिलांचे नंबर वाचले, तारखा वाचल्या आणि मला सोडून दिलं. सोडताना एवढंच म्हणाले, "सीट फाटलीये. शिवून घ्या."

काकांची खरी कीर्ती झाली ती मालवणच्या बिलामुळे.

आमच्यातले दोघे कोकणात दौऱ्यावर होते. एकाने फेब्रुवारीत जेवणाचं बिल लावलं: तीन सुरमई थाळ्या 1260, दोन सोलकढ्या 100, पाण्याच्या दोन बाटल्या 40, वर पाच टक्के जीएसटी 70, एकूण 1470. दुसऱ्याने मार्चमध्ये लावलं तेही 1470चंच. त्याच्या फोटोत बिलाचा वरचा भाग नव्हता, म्हणजे हॉटेलचं नाव, नंबर आणि तारीख गायब. ते रकाने त्याने हाताने भरले होते. उजेड पिवळा, लॉजवरच्या बल्बचा असावा तसा. यंत्राने दोन्ही बिलं आनंदाने पुढे ढकलली.

काकांचं लक्ष आकड्याने वेधलं, पण आकड्यावर ते कुणाला धरत नाहीत. तीन माणसं पुन्हा त्याच हॉटेलात जाऊन तेच जेवू शकतात. मालवणात तर जावंच. शेजारी बसणारा नवा मुलगा मात्र ओरडलाच, "काका, दोन्हींवर डाव्या बाजूला तीच पांढरी उभी रेघ आहे!" काकांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "ती रेघ प्रिंटरची. छापणाऱ्या पट्टीतला एक ठिपका मेला की त्या जागी काही उमटत नाही. त्या हॉटेलच्या प्रत्येक बिलावर ती असणार. त्यावरून हॉटेल ओळखू येतं, कागद नाही. कागदाला नंतर काय झालं ते बघ."

मग भिंग निघालं. या बिलांचा कागद उष्णतेने काळा होतो, शाई नसतेच. त्यामुळे त्यावर नख जोरात घासलं तरी काळी रेघ उठते. फेब्रुवारीच्या फोटोत 'सोलकढी'पासून खाली 'पाणी'पर्यंत अशी एक तिरपी रेघ होती. मार्चच्या फोटोतही होती, त्याच दोन शब्दांमधून. शिवाय घडी. फेब्रुवारीत घडी गडद दिसत होती, मार्चमध्ये उजळ, आणि नव्या मुलाने लगेच 'वेगळी आहे' असं जाहीर केलं. काकांनी एक रद्दी बिल घेतलं, दुमडलं, टेबललँपखाली धरलं आणि दिवा या बाजूचा त्या बाजूला नेला. घडीची सावली पलटली. "घडीचा रंग बघू नकोस. ती कोणत्या ओळीवरून जाते ते बघ. कड कापता येते, दिवा बदलता येतो. सोलकढीवरची घडी उचलून थाळीवर ठेवता येत नाही."

दोन्हींत घडी सोलकढीच्या ओळीवरच होती. अक्षरं मात्र मार्चमध्ये फिकी होती, आणि तेही जुळत होतं. हा कागद दिवसागणिक पुसट होत जातो.

काकांनी आरोप केला नाही. ते कधीच करत नाहीत. दोघांनाही एकच निरोप गेला: मूळ कागद आणा. पहिला म्हणाला, "काका, पँटच्या खिशात राहिला, वॉशिंग मशीनमध्ये गेला." तासाभराने दुसरा आला. त्याचाही खिशात राहिला होता, वॉशिंग मशीनमध्ये गेला होता.

"बिल वेगळं," काका म्हणाले, "मशीन एकच का?"

पुढचं शांतपणे झालं. दोघं एकत्र जेवले होते, बिल पहिल्याने भरलं होतं, आणि कागद दुसऱ्याच्या खिशात राहिला होता. 1470 रुपये पगारातून वळते झाले. तेव्हापासून आमच्याकडे बिलाच्या चारही कडा फोटोत दिसल्या पाहिजेत असा नियम आहे. लोक आता कडा इतक्या मन लावून टिपतात की मधला आकडा हलतो.

गेल्या महिन्यात काकांच्या पुतणीसाठी एक स्थळ आलं. घरात सगळे फोटो बघत होते. मुलगा उत्तम, उंच, परदेशी कंपनीत. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो खिडकीशी नेला आणि तसाच परत ठेवला.

"हे स्थळ दोन वर्षांपूर्वी येऊन गेलंय. तेव्हा फोटो कमरेपर्यंत होता, आता गळ्यापर्यंत कापलाय."

"काहीतरीच! चेहरा आठवतो का तुम्हाला?" काकू म्हणाल्या.

"चेहरा कोण बघतो," काका म्हणाले. "मागचं कॅलेंडर बघ. तेच पान."