क्वालिटी एक नंबर!

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. आमच्या कोटेशनलाही मिळायला हरकत नाही. ‘टॉवेल ३० बाय ६०, क्वालिटी एक नंबर, रेट फोनवर बोलू.’ वर श्री गणेशाय नमः, खाली दोन मोबाइल नंबर. पुण्यातल्या हॉटेलच्या परचेस मॅनेजरने यावरून मालकाची मंजुरी कशी घ्यायची? तो मुकाट्याने करूरला फोन लावतो.

समजा, हॉटेल ६० खोल्यांचं आहे. खोलीला दोन टॉवेल. एक जोड वापरात, एक धुलाईत, एक कपाटात. म्हणजे ३६० नग. हा हिशेब गिऱ्हाइकाने मागण्याआधी तुम्ही मांडलात, तर अर्धी ऑर्डर तिथेच पक्की.

मग माल काय, ते लिहा. ३० बाय ६० हे माप धुण्याआधीचं की नंतरचं? सुती कापड आटतं, आणि भांडण नेमकं पहिल्या धुलाईनंतर सुरू होतं. वजन किती, त्यात फरक किती टक्के चालेल? हॉटेलचं नाव विणून येणार की भरतकामाने? वाहतूक आणि जीएसटी दरात धरलेत की वेगळे? जे देणार नाही तेही लिहा. नाहीतर पायपुसणी ‘त्यातच धरली होती’ असं ऐकावं लागतं.

आता दर. एकच आकडा दिला की गिऱ्हाईक फक्त घासाघीस करतं; तीन दिले की निवड करतं. किलोला ४०० रुपये धरू. चौरस मीटरला ४०० ग्रॅमचा टॉवेल साधारण ४५० ग्रॅम भरतो, १८० रुपये. ५०० चा साधारण २२५ रुपये, ६०० चा २७०. एकूण ६४,८००, ८१,००० आणि ९७,२००.

इथे आमचे शेठ सगळ्यात जाड माल गळ्यात मारायला बघतात. पण ६०० चा टॉवेल ५०० च्यापेक्षा नगामागे साधारण ११२ ग्रॅम जड. रोज १२० टॉवेल धुवायचे तर साडेतेरा किलो कापड जास्त भिजवायचं आणि वाळवायचं. हे लिहून मधला पर्याय सुचवा. विकणाराच महाग माल नको म्हणतोय, हे बघून मॅनेजर खुर्चीत सरसावून बसेल.

हे सगळं तीन पानांत बसतं. पण मालक पहिलंच पान वाचतो, तेही चहा निवेपर्यंत. म्हणून सारांश शेवटी नको, सुरुवातीला: ३६० नग, चौरस मीटरला ५०० ग्रॅमचा माल, ८१,००० रुपये, माल कधी मिळेल, आगाऊ किती. आणि दर कोणत्या तारखेपर्यंत लागू, तेही. सुताचा भाव चढल्यावर ‘साहेब, तो जुना रेट होता’ म्हणत पुण्याला जाण्यापेक्षा तारीख आजच टाका.