गायब गिऱ्हाइकाचा पत्ता

वेबसाइट सुरू झाली, गिऱ्हाईक मात्र फोन उचलत नाही. अशा वेळी आपली तरुण मंडळी महिनोन्‌महिने 'सर, प्लीज' पाठवत बसतात. हे थांबवा. काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो आणि त्या विनवण्यांत हीच मुदत सरत असते.

समजा, कोकणातल्या एका रिसॉर्टची साइट 80,000 रुपयांना ठरली. दरपत्रक ईमेलने गेले, 'मान्य' असे उत्तर आले, 30,000 आगाऊ मिळाले. साइट चालू आहे, 50,000 बाकी आहेत आणि मालक बेपत्ता.

आधी देणेकरी नेमका कोण ते शोधा. फोनवर बोलणारे 'साहेब' आणि कायद्याने देणे लागणारा माणूस वेगळे असू शकतात. जीएसटी क्रमांक हाती असेल, तर जीएसटीच्या पोर्टलवर धंद्याचे कायदेशीर नाव आणि मुख्य पत्ता दिसतो. अनेकदा तो क्रमांक तुम्हीच त्या साइटवर टाकलेला असतो!

त्या पत्त्यावर पोचपावतीसह मागणी नोटीस पाठवा. काय ठरले, काम कधी सुपूर्द केले, किती आले, किती बाकी, किती दिवसांत द्यायचे, एवढे पुरे. शिव्या नकोत, पोलिसांची धमकी नको. पण या तारखेपासून व्याज मागणार, हे वाक्य हवेच. करारात व्याज ठरले नसेल, तर 1978 च्या व्याज कायद्यानुसार दाव्यापूर्वीचे व्याज अशा लेखी मागणीपासून मिळू शकते. बहुतेक नोटिशींत नेमके हेच वाक्य नसते.

पुढे दिवाणी न्यायालयात समरी दावा, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 37. त्याला लेखी करार आणि ठरलेली रक्कम लागते. ईमेलवरचे ते 'मान्य' इथे कामाला येते. सगळे फोनवरच ठरले असेल, तर साधा, लांबणारा दावा करावा लागतो. ईमेल आणि चॅटच्या प्रतींसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्रही जोडावे लागते.

समरी दाव्यात समन्स बजावल्यावर प्रतिवादीने दहा दिवसांत हजेरी नोंदवायची असते. तो आलाच नाही, तर तुमचे म्हणणे त्याने कबूल केले असे धरून हुकूमनामा मागता येतो. समन्स घेणाराच सापडत नसेल, तर न्यायालयाच्या परवानगीने ते दारावर चिकटवता येते किंवा वर्तमानपत्रात छापता येते. फोन न उचलण्याची युक्ती इथे त्याच्याच अंगाशी येते.

हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत, हेही खरे. वसुलीसाठी वेगळी दरखास्त करावी लागते आणि जप्त काय करायचे ते तुम्हालाच दाखवावे लागते. म्हणून आगाऊ रकमेची बँकेतली नोंद जपा. ते 30,000 ज्या खात्यातून आले, त्याच खात्यावर जप्ती मागता येते. आज ते रिकामे असले, तरी दरखास्तीला बारा वर्षांची मुदत असते.