किंडलची उघडझाप

मोबाइलने आपल्याला फार लाडावून ठेवलंय. स्क्रीनशॉट घेतला की 'खटॅक' आवाज येतो, कोपऱ्यात चिमुकलं चित्र दिसतं, म्हणजे पावती हातात. किंडल पेपरव्हाइट पावतीबिवती देत नाही. वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या कोपऱ्यावर एकदम बोटं टेकवायची. पडदा क्षणभर उघडझाप करतो. झालं काम.

पण हा पडदा एरवीही उघडझाप करतच असतो! ई-इंकच्या बारीक कुप्यांमध्ये काळे-पांढरे कण द्रवात तरंगतात. विजेच्या दाबाने ते वरखाली सरकले की अक्षर उमटतं. मागच्या पानाची पुसट छाया उरली की ती घालवायला अधूनमधून सगळा पडदा काळा-पांढरा करावा लागतो. आता आपल्यापुढची उघडझाप फोटोची की सफाईची, हे नवख्याला कोण सांगणार?

आमच्या शेजारच्या काकांना एक उतारा मुलीला पाठवायचा होता. बोटं मागेपुढे पडली. वरचं आधी टेकलं तेव्हा मेनू उघडला. खालचं आधी टेकलं तेव्हा पान उलटलं. "अहो, हे यंत्र भलतंच मंद आहे!" म्हणत ते कोपरे दाबत राहिले. लायब्ररीत शोधलं, तिथे काही नाही. नसणारच, ही चित्रं पुस्तकांच्या यादीत दिसत नाहीत. केबलने लॅपटॉपला जोडलं, तेव्हा किंडलच्या ड्राइव्हमध्ये, कुठल्याही फोल्डरबाहेर, `screenshot_` ने सुरू होणाऱ्या पीएनजी फायलींची रांग निघाली. नावातच तारीख आणि वेळ. एकच पान कितीतरी वेळा, एकात वर मेनू पसरलेला, आणि हवं होतं त्याच्या पुढचंही पान हजर.

यंत्राची यात चूक नाही. पान आधी मेमरीत बदलतं, पडदा मागून येतो, आणि स्क्रीनशॉट निघतो तो मेमरीतल्या पानाचा. म्हणून डोळ्यांना दिसणारी पुसट छाया चित्रात कधीच येत नाही, पडद्याच्या दिव्याचा उजेडही नाही. 'पडद्यावर जुनी अक्षरं दिसतात' अशी तक्रार करताना पुरावा म्हणून स्क्रीनशॉट जोडणारे पाहिलेत मी. पलीकडच्या माणसाला स्वच्छ, नवंकोरं पान दिसतं आणि तक्रारदार उगाच खोटा पडतो.

तेव्हा पान उलटल्यावर पडदा स्थिर होऊ द्या, दोन्ही बोटं एकदम टेकवून उचला आणि उघडझाप झाली की हात मागे घ्या. खात्री हवीच असेल तर केबल लावून फाइलच्या नावातली वेळ बघा. आणि तक्रार छायेची असेल, तर मोबाइलने पडद्याचाच फोटो काढून पाठवा.