वांदेपोह्यांचा पुरवठा

स्थळ पसंत पडल्यावर सुरू झालेल्या व्हॉट्सॲप गप्पांत तिसऱ्या आठवड्यापर्यंत ‘जेवलीस का?’ एवढंच उरतं. अशा दुष्काळात जुना विनोद कामाला येतो, पण शिळ्या भातासारखा तो नव्यानं फोडणी देऊनच वाढावा लागतो. समजा, घाईत तिनं ‘कांदेपोहे’चे ‘वांदेपोहे’ केले. दुसऱ्याच दिवशी तेच पुन्हा लिहिणारा गडी विनोदाचा जीव घेतो. आठवडाभर गप्प बसून, तिची लोकल रखडली की ‘म्हणजे आज ठाण्याला वांदेपोहे!’ लिहिणारा जिंकतो. विसरत चाललेली गोष्ट भलत्याच प्रसंगात भेटते, आणि आपलं बोलणं कुणीतरी लक्षात ठेवलंय, हेही कळतं. कुणी म्हणेल, हा तर हिशेबीपणा. असेना! पत्रिका, पगार आणि पार्किंग मोजून जुळलेल्या सोयरिकीत एवढ्या हिशेबानं कुणाचा धर्म बुडत नाही. खरी अडचण पुढे आहे. ती स्वतःहून ‘आज ऑफिसात वांदेपोहे’ लिहू लागली, तर विनोद दोघांचा झाला. नुसता हसरा चेहरा आला, तर तो तुमच्या एकट्याचा उरला. मग तो मुकाट्यानं सोडा, आणि कृपा करून समजावून सांगू नका.