'नये'चा पल्ला

गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पावसाळ्यानंतर फळ्यावर सूचना लागली: 'गळतीची फक्त यादी देऊ नये.' खालच्या काकांनी अर्थ लावला, नुसती यादी पुरणार नाही. त्यांनी प्रत्येक डागापुढे जागा, आकार आणि सुरुवातीची तारीख लिहून दिली. वरच्या वहिनींनी 'यादी'वर जोर देऊन वाचलं: यादी सोडून काहीही चालेल. त्यांनी फोटो पाठवले. तिसरे म्हणाले, सेक्रेटरींना काहीच नको आहे, आणि निवांत झोपले. व्याकरणाने पहिले दोघे बरोबर; तिसऱ्यांचा अनुभव दांडगा.

मराठीत नकार येतो शेवटी, पंगत बसल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा, आणि मागच्या कुणाचा हात धरायचा ते सांगत नाही. बोलताना आवाजाचा जोर ते सांगतो. खडूला आवाज नसतो.

एरवी जगरहाटी सांभाळून घेते. रामकुंडावर 'साबण लावून आंघोळ करू नये' असं लिहिलं, तरी कुणी भाविक कोरडा परतणार नाही. नकार साबणापुरता हे त्याला ठाऊक असतं. पण खिडकीवर 'अर्ज भरून आणू नये' असेल तर? कोरा आणायचा, की आणायचाच नाही?

मी सेक्रेटरींना सुचवलं, नकार काढूनच टाका: 'यादी द्या, प्रत्येक गळतीपुढे तपशीलही लिहा.' त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं: 'तपशिलाशिवाय यादी देऊ नये असे नाही.'